निळा चालेल, पण कुठला?

बेडरूमला निळा रंग शांत, असं सगळेच सांगतात. पण रंग निळा की हिरवा, यापेक्षा तो किती भडक आहे याचा मनावर जास्त परिणाम होतो. गडद मोरपंखी निळा डोळ्यांत भरतो. राखाडी झाक असलेला फिका निळा निवांत वाटतो. शेडकार्डवरचा चिमुकला चौकोन मात्र फसवतो. चारही भिंतींवर तोच रंग अधिक भडक दिसतो, म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी घ्या. भिंतीवर दोन बाय दोन फुटांच्या तुकड्याला दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या आणि रात्री खोलीतल्याच दिव्यात पाहा. पिवळसर उजेडात निळा मळकट किंवा हिरवट दिसला, तर बदामी छटा बघा.