गहाळ मोबाइलची वर्दी

पाचूबंदरच्या धक्क्यावर पहाटे 5 वाजता हाती असलेला मोबाइल वसई रोड स्थानकात 6 वाजता खिशात नाही असे ध्यानी आले, तर पोलिसांच्या ऑनलाइन अर्जात ‘वसई’ एवढेच मोघम ठिकाण न लिहिता या दोन स्थळांमधला मार्ग आणि दोन्ही वेळा तारखेसह नमूद कराव्यात. मोबाइलची खरी ओळख रंगात नसून खोक्यावर छापलेल्या 15 अंकी आयएमईआय क्रमांकात असते, आणि दोन सिमांच्या मोबाइलला असे क्रमांक दोन असल्यामुळे दोन्ही उतरवून घ्यावेत; कारण दूरसंचार विभागाच्या सीईआयआर संकेतस्थळावर, पोलिसांकडील नोंदीची प्रत जोडून, तो मोबाइल निरुपयोगी करविण्यासाठी हेच अंक लागतात. मात्र कोणी हिसकावून नेला असल्यास गहाळ म्हणून नोंदवू नये. ठाण्यात चोरीची फिर्यादच द्यावी.