लाल जन्मखूण : प्रतीक्षा कधी, उपचार कधी

अर्भकाच्या त्वचेवर जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत उठणारी, स्ट्रॉबेरीसारखी लालभडक आणि उंचावलेली खूण वैद्यकशास्त्रात ‘इन्फन्टाइल हिमॅन्जिओमा’ म्हणून ओळखली जाते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी भराभर वाढल्याने झालेली ही गाठ असून ती कर्करोगाची नसते. जन्मतः तेथे बहुधा फिकट चट्टा किंवा बारीक लाल रेषांचे जाळे एवढेच दिसते. पुढे तिसऱ्या महिन्यापर्यंत बहुतेक गाठी आपल्या अंतिम आकाराचा सुमारे 80 टक्के भाग गाठतात, पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास मध्यभागी राखाडी होऊ लागतात आणि बहुतेकींचे ओसरणे चौथ्या वर्षापर्यंत आटोपते. पाठीवरची वा दंडावरची लहान खूण म्हणूनच केवळ लक्ष ठेवून सोडून देता येते, जरी काही वेळा मागे सैल त्वचा उरत असली तरी.

हाच कालक्रम डोळ्याजवळ मात्र घातक ठरू शकतो. वरच्या पापणीतील गाठीने बाहुली झाकली नसली, तरी तिच्या दाबाने कॉर्निया या पारदर्शक पटलाची वक्रता बदलते, त्या डोळ्याची प्रतिमा पुसट होते आणि मेंदू ती हळूहळू नाकारू लागतो. या मंददृष्टीला ‘अ‍ॅम्ब्लियोपिया’ म्हणतात. चौथ्या वर्षी गाठ विरली, तरी दृष्टी घडण्याच्या काळात झालेली ही हानी आपोआप भरून येत नाही.

हनुवटी, खालचा ओठ, जबडा आणि गळ्याचा पुढचा भाग, म्हणजे दाढीच्या जागी, पसरलेल्या खुणेसोबत स्वरयंत्राखालीही गाठ असण्याचा संभव असतो. अशा बाळाचा श्वास सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास घरघरू लागतो, आवाज घोगरा होतो, आणि हे घशाच्या साध्या संसर्गाचे लक्षण समजले जाते. परंतु घरघर वाढत गेली किंवा पुनःपुन्हा उद्भवली, तर दुर्बिणीने श्वासमार्ग तपासणे आवश्यक ठरते.

उपचाराची दिशा 2008 मध्ये पालटली. फ्रान्समधील बोर्दो येथे क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांच्या गटाने नाकावरील गाठीसाठी स्टिरॉइड घेणाऱ्या एका बालकाला हृदयविकारामुळे प्रोप्रानोलॉल दिले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी गाठीचा गडद लाल रंग जांभळट झाला आणि ती मऊ पडली. आज हे औषध सामान्यतः दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 2 ते 3 मिलिग्रॅम, विभागून, किमान सहा महिने दिले जाते. ते रक्तातील साखर उतरवू शकत असल्याने दूध पाजताना किंवा लगेच नंतरच द्यायचे असते, आणि बाळ दूध घेत नसेल, उलट्या करत असेल किंवा त्याला धाप लागली असेल, तर तो डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचे असते.

वाढीचा वेग सुरुवातीलाच सर्वाधिक असल्यामुळे डोळ्याजवळची किंवा दाढीच्या जागेवरील खूण पहिल्या महिन्यातच तज्ज्ञांना दाखवणे इष्ट ठरते; तिसऱ्या महिन्याच्या लसीकरणापर्यंत थांबल्यास गाठीची बरीचशी वाढ होऊन गेलेली असते.