वंशावळ व वारसांचे प्रतिज्ञापत्र

रस्त्याकरिता जमीन संपादन झाली, मोबदला ठरला, परंतु सातबाऱ्यावर नाव मात्र मयत वडिलांचे! अशा वेळी मागितली जाणारी वंशावळ व वारसांचे प्रतिज्ञापत्र कसे तयार करावे, हे आम्ही एका काल्पनिक उदाहरणाने सांगतो.

राहुरी तालुक्यातील एका हिंदू शेतकऱ्याने स्वतः जमीन विकत घेतली होती. तो २००८ साली मृत्युपत्र न करता वारला. थोरला मुलगा २००३ सालीच वारला होता. त्याच्या मागे विधवा, एक मुलगा व एक मुलगी आहेत. शेतकऱ्याची पत्नी, धाकटा मुलगा व विवाहित मुलगी हयात आहेत. शेतकऱ्याची विधवा आई २०१२ साली निवर्तली.

धाकट्याने वंशावळीत आई, स्वतः व बहीण अशी तीनच नावे लिहिली. मयत भावाची शाखा तर गळालीच. शिवाय आजीही गळाली, कारण ती आज हयात नाही. येथेच खरी चूक आहे. वारस ठरतात ते मालकाच्या मृत्यूच्या दिवशी. आणि हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ अन्वये मुलाच्या मिळकतीस आई ही पहिल्या वर्गातील वारस आहे. सबब २००८ साली पाच हिस्से झाले: आई, पत्नी, धाकटा मुलगा, मुलगी आणि मयत मुलाची शाखा. त्या शाखेच्या एका हिश्शात विधवा व दोन्ही मुले समान. पुढे आजीनेही मृत्युपत्र न केल्यामुळे तिचा पंचमांश तिच्या स्वतःच्या वारसांकडे गेला, आणि त्यात शेतकऱ्याची नेवाशास दिलेली बहीणही आली! जमीन वडिलार्जित असती तर हिशेब निराळा झाला असता.

म्हणून प्रत्येक मयत व्यक्तीसमोर मृत्यूची तारीख लिहावी व दाखला जोडावा. वंशावळ मूळ मालकापासून खाली तर उतरवावीच, पण त्याच्या आईचे नावही लिहावे. विवाहित मुली, मयत मुलांच्या विधवा व अज्ञान मुले वगळू नयेत. तलाठ्याकडील वारस नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६ क, व फेरफार यांच्याशी ती ताडून पाहावी.

दुसरी चूक नावांची. सातबाऱ्यावर 'रामा' व मृत्यूच्या दाखल्यावर 'रामचंद्र' असल्यास, दोन्ही नावे एकाच इसमाची आहेत असे प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहून पुरावा जोडावा. 'याखेरीज अन्य वारस नाहीत' हे वाक्य सर्व शाखांस विचारल्यावाचून लिहू नये. खोटे ठरल्यास शपथ घेणारा शिक्षेस पात्र होतो. एका भावाच्या सहीने इतरांचा हक्कही सुटत नाही.

प्रतिज्ञापत्र हे केवळ शपथेवरील कथन होय. त्याने वाद मिटत नाही. वारसांत तंटा असेल तर दिवाणी न्यायालयाकडेच जावे लागते. मुंबईच्या १८२७ सालच्या आठव्या विनियमान्वये वारस दाखलाही तेथेच मिळतो. परंतु तेथेही पहिला प्रश्न हाच पडतो की, कोण केव्हा वारला? त्याचे उत्तर घरातील वृद्ध हयात आहेत तोवर लिहून ठेवावे.