घोट्यावरच्या चुड्यांचा हिशेब

चुडीदार शिवायला टाकताना शिंपी विचारतो, "उंची किती ठेवू?" आणि आपण घरातल्या एखाद्या सलवारीची उंची सांगून मोकळे होतो. पुढची सगळी गडबड तिथेच ठरते. सलवारीत पायाच्या उंचीइतकं, फार तर इंचभर जास्त कापड लागतं. चुडीदारात ते पायापेक्षा चांगलंच लांब असावं लागतं, कारण ते जास्तीचं कापडच घोट्यावर चुड्या होऊन दिसायचं असतं. सलवारीच्या मापाने शिवलेला चुडीदार घातला की उभं राहिल्यावर दोनेक सुरकुत्या दिसतात आणि मांडी घालून बसलं की मोहरी सरसर वर चढून पोटरी उघडी पडते.

चुड्या टिकतात कशाच्या जोरावर? जास्तीचं कापड वजनाने खाली घसरू पाहतं. खाली मोहरी घोट्याला इतकी बेताची असते की ती टाच आणि पावलाचा उंचवटा ओलांडून पुढे जात नाही. वरून येणारं कापड तिथे अडतं आणि एकावर एक वळ्या घालत बसतं. म्हणजे उंची कितीही वाढवली तरी मोहरी सैल असेल तर चुड्या पडणार नाहीत. सगळं कापड पावलावर गोळा होईल आणि चालताना टाचेखाली येईल. उंचीचं माप मोहरीच्या मापाशिवाय घेणं म्हणजे अर्धंच माप घेणं.

आता मोहरी घट्ट हवी, पण त्यातून पाऊल तर जायला हवं. पायाची बोटं ताणून धरली आणि टाचेवरून पावलाच्या उंचवट्यावर टेप फिरवला, तर बहुतेक बायकांचं माप १२ इंचांच्या आसपास भरतं. घोटा मात्र साडेआठ-नऊ इंचांचा असतो. हा तीन इंचांचा फरक दोन प्रकारे निभावता येतो. एक म्हणजे कापड उरेब कापायचं, म्हणजे तिरकं. सुती कापडाचा उभा धागा ताणत नाही, आडवाही फारसा नाही. पण कापड ४५ अंशांत धरून ओढलं की दोन्ही धागे एकमेकांवर कलतात आणि कापड रबरासारखं थोडं लांबतं. त्यामुळे ११ इंचांची मोहरीसुद्धा १२ इंचांच्या टाचेवरून जाते. मोहरी याहून घट्ट हवी असेल तर दुसरा उपाय: शिवणीत तीन-चार इंचांची फट ठेवून तिथे हुक किंवा टिचबटण लावायचं. घोट्याला चपखल बसलेली मोहरी दिसली की तिथे हुक असणार, असं समजायला हरकत नाही.

उरेब कापण्याचा दुसरा फायदा थेट चुड्यांच्या रूपात दिसतो. सरळ कापलेलं कापड दुमडताना कोपरे काढतं, त्याच्या वळ्या चपट्या आणि मोडलेल्या दिसतात. उरेब कापड मऊ वळतं, म्हणून त्याच्या चुड्या गोल बसतात. जुने कारागीर यासाठी कापडाची तिरकी थैली शिवून मग ती कापत. त्यात कापड वाया कमी जातं, पण पायावर एखादा जोड येतो. तो जोड मांडीवर, कुर्त्याखाली झाकेल असा घ्यायला सांगावं. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात उरेब चुडीदाराला सव्वादोन-अडीच मीटर लागतात. ड्रेस मटेरियलमधला सलवारीचा तुकडा अनेकदा दोन मीटरचाच असतो. मग शिंपी एकतर सरळ कापतो किंवा उंचीत हात आखडतो. तुकडा मोजून घेऊनच चुडीदार सांगावा हे बरं.

१९६५ साली आलेल्या 'वक्त' चित्रपटात साधनाचे अंगाबरोबर बसणारे कुर्ते आणि चुडीदार गाजले. ते कपडे आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी केले होते. पायाला असा बेतशीर बसलेला चुडीदार हा कापडाच्या किमतीपेक्षा कापण्यावर जास्त अवलंबून असतो.

प्रत्यक्ष माप घेऊन पाहू. पाच फूट तीन इंच उंचीची एक बाई घ्या. माप कुठून घ्यायचं? नाडी जिथे बांधता तिथून, कमरेच्या सर्वांत बारीक जागेपासून नाही. कित्येक जणी नाडी बेंबीखाली दोन इंचांवर बांधतात आणि माप मात्र कमरेपासून देतात. त्या दोन इंचांच्या दोन चुड्या जास्त होऊन पावलावर येतात. समजा, नाडीच्या जागेपासून घोट्याच्या हाडापर्यंत ३७ इंच भरले. आता चुड्या किती हव्यात ते ठरवायचं. एक चुडी ढोबळमानाने पाऊण ते एक इंच जास्तीचं कापड खाते. सहा-सात चुड्या हव्या असतील तर सहा इंच वाढवायचे. म्हणजे तयार उंची ४३ इंच. कापताना नेफ्याचे दोन इंच आणि खालच्या दुमडीचा एक इंच वेगळा धरायचा, तर कापडावर ४६ इंचांची खूण होते.

सहाच का? बसल्यावर गुडघा आणि बैठक मिळून दोन-तीन इंच कापड वर ओढून घेतात. जास्तीचे चार इंचच असतील तर बसताच चुड्यांपैकी एक-दोनच शिल्लक राहतात. म्हणून चारच्या खाली जाऊ नये. वरची मर्यादा मात्र आवडीची. कथकच्या नर्तकी किंवा शेरवानीवर चुडीदार घालणारे नवरदेव आठ-दहा इंचही वाढवतात. रोज ऑफिसला जाताना तेवढ्या चुड्या गरम होतात, आणि पाय आखूड असतील तर ते आणखी आखूड दिसतात. माझं मत विचाराल तर पाच-सहा इंच पुरे. कापड जाड असेल तर त्याहूनही कमी, कारण जाड कापडाची एक चुडी दोन पातळ चुड्यांची जागा अडवते.

घरात आवडता चुडीदार असेल तर हिशेब सोपा. तो सपाट अंथरून नेफ्यापासून मोहरीपर्यंत मोजा, त्यातून आपल्या पायाची उंची वजा करा. उरेल ती तुमची चुडी. शिंप्याला "जरा लांब ठेवा" म्हणण्यापेक्षा "घोट्यापर्यंत ३७, चुडीला सहा" असं सांगितलं तर त्याला काही अंदाजायचं उरत नाही.

पण हे सहा इंच पायात कुठे घालायचे, हा खरा कसबाचा भाग. उंची वाढवायची म्हणून सगळा पायच वरपासून खालपर्यंत सारख्या प्रमाणात लांबवला, तर गुडघ्याची खूण खऱ्या गुडघ्याखाली येते आणि पोटरीचं माप पोटरीखाली सरकतं. मग कापडाचा अरुंद भाग जिथे असायला हवा तिथे नसतो. आसन, गुडघा आणि पोटरी यांच्या खुणा शरीराच्या मापावरच हव्यात, सगळी वाढ पोटरीच्या खाली. तिथून मोहरीपर्यंतचा भाग जवळजवळ सरळ नळीसारखा ठेवायचा. ज्या भागात चुड्या बसणार तो जर एकदम निमुळता होत गेला, तर खालच्या चुड्या घट्ट आणि वरच्या ढिल्या, लोंबणाऱ्या होतात. तयार चुडीदारात एक माप मोठं घेऊन लांबी मिळवली की हाच दोष पदरात येतो.

दोष कुठला ते बघूनच ओळखता येतं. सगळं कापड पावलावर एका गोळ्यात जमलं असेल तर मोहरी किंवा तिच्यावरची नळी सैल आहे. चुड्या घोट्यावर न येता गुडघ्यामागे सुरकुत्या पडत असतील तर पोटरी घट्ट आहे. कापड तिच्याखाली उतरतच नाही. पोटरीच्या मापावर इंच-दीड इंच सैलपणा असला की ते सहज उतरतं. आणि आतली शिवण फिरून नडगीवर येत असेल तर दोन्ही पायांची उरेब एकाच दिशेने कापली गेली आहे. एक पाय दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब असावा लागतो. शेवटचा दोष नंतर दुरुस्त होत नाही.

सुती कापड कापण्याआधी पाण्यातून काढलं नसेल तर आणखी एक फसगत होते. ते चार टक्के आटलं तरी ४३ इंचांचे पावणेदोन इंच गेले, म्हणजे दोन चुड्या पहिल्याच धुण्यात गायब. लायक्रा मिसळलेल्या कापडाला उरेबीची गरज नसते, पण ते पोटरीला चिकटून बसतं. म्हणून त्याच्या चुड्या घातल्यावर हाताने खाली ओढून बसवाव्या लागतात.

सलवारीत हे काहीच लागू होत नाही. तिची मोहरी सपाट ठेवून मोजली तर सहा-सात इंच भरते, म्हणजे पाऊल सहज जातं आणि जास्तीच्या कापडाला अडवणारं काही नसतं. म्हणून घोट्याच्या हाडाखाली फार तर इंचभर. मोहरी पावलाच्या उंचवट्यावर टेकते आणि वरच्या चुण्यांचा घेर तिच्यावर मऊ पडतो. माप रोजच्या चपला घालून घ्यायचं आणि पट्ट्याची उंची एकूण उंचीतून वजा करायला शिंप्याला आठवण द्यायची. पट्टा सात-आठ इंचांचा असतो. पतियाळात मात्र दोन-तीन इंच जास्त देतात आणि मोहरी जरा आवळतात. तिथे घोट्यावर दिसणारा फुगारा उंचीपेक्षा पट्ट्याखालच्या भरपूर चुण्यांचा असतो. कडक कापडाचा पतियाळा खाली येतच नाही, बाजूला फुगून राहतो.

शिवून आलेला चुडीदार लांब निघाला तर खालून सरळ कापून टाकू नये. नळी वर थोडीशी तरी रुंद असते, म्हणून नवी मोहरी सैल होते आणि उरलेल्या चुड्याही घसरतात. कापल्यावर आतली शिवण पोटरीपर्यंत उसवून नळी पुन्हा आवळावी लागते. आखूड निघाला तर खाली जोड देऊन उपयोग नाही, तो नेमका चुड्यांत दिसतो. नेफा उसवून वर दोन-अडीच इंचांचा पट्टा जोडतात. आसन तेवढं खाली येतं, पण कुर्ता लांब असेल तर ते कुणाच्या लक्षात येत नाही, आणि खाली दोन चुड्या जास्त मिळतात.