सर्वांत उंच पीक, पण कोणाचे?

औषधासाठी नवे रेणू घडवणाऱ्या प्रयोगशाळेत फ्लास्कमधली अभिक्रिया संपत आली, की त्यातला एक थेंब काढून विरळ करतात आणि एलसी-एमएस यंत्रात टाकतात. दोन-तीन मिनिटांत पडद्यावर आलेख येतो. त्यावरून ठरते की अभिक्रिया झाली का, किती झाली, पुढे शुद्धीकरणाला घ्यायची की टाकून द्यायची. हा निर्णय घाईत आणि फक्त पिकांच्या उंचीवर घेतला गेला, तर चांगली झालेली अभिक्रिया सिंकमध्ये जाते. असे होते, आणि ते टाळता येते. म्हणून एकच साधी अभिक्रिया घेऊन तिचा आलेख शेवटपर्यंत वाचून पाहू.

अभिक्रिया अमाइड जोडणीची. एका बाजूला फेनिलअ‍ॅलॅनिन हे अमिनो आम्ल. त्याच्या नायट्रोजनवर बॉक नावाचे संरक्षक टोपण बसवलेले आहे. दुसऱ्या बाजूला बेंझिलअमाइन. दोघांना जोडण्यासाठी एचएटीयू हा कपलिंग अभिकारक, प्रोटॉन उचलण्यासाठी ह्यूनिग बेस, आणि सगळे विरघळवायला डीएमएफ. हव्या असलेल्या अमाइडचा रेणुभार ३५४.२. शुद्धीकरण न केलेले हे मिश्रण, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेत ‘क्रूड’, तसेच यंत्रात गेले आहे. त्यात अमाइडबरोबर उरलेले आम्ल आहे, बेस आहे, एचएटीयूचे तुटलेले तुकडे आहेत आणि डीएमएफही आहे.

यंत्राचे काम दोन टप्प्यांत चालते. आधी मिश्रण सिलिकाच्या बारीक कणांनी भरलेल्या कॉलममधून जाते. कणांवर तेलकट कार्बनसाखळ्या चिकटवलेल्या असतात, त्यामुळे पाण्यात रमणारे रेणू लवकर बाहेर पडतात आणि तेलकट रेणू मागे रेंगाळतात. बाहेर येणारा प्रवाह पहिल्यांदा अतिनील प्रकाशाच्या शोधकातून, म्हणजे यूव्हीतून, जातो आणि मग सुईच्या टोकावरून मास स्पेक्ट्रोमीटरच्या तोंडाशी फवारला जातो. सुईवर काही हजार व्होल्टचा दाब असतो. फवाऱ्यातले सूक्ष्म थेंब विद्युतभारित होतात, वाळत जातात, आणि त्यांच्यातून भारित रेणू, म्हणजे आयन, मोकळे होतात. ही इलेक्ट्रोस्प्रे पद्धत मोठ्या जैविक रेणूंसाठी वापरात आणल्याबद्दल जॉन फेन यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

मास स्पेक्ट्रोमीटरला फक्त आयन दिसतात, हे इथे मनात पक्के धरायला हवे. ज्या रेणूला विद्युतभार मिळाला नाही, तो फ्लास्कमध्ये कितीही असला तरी त्या आलेखात नाही.

आता आपला आलेख. समजा ०.९ मिनिटाला एक प्रचंड पीक आले आहे आणि त्याचे वस्तुमान २०६.२ आहे. २.१ मिनिटांना एक बेताचे पीक आहे आणि त्याच्या खाली आकड्यांची गर्दी आहे. पहिल्या नजरेला वाटते, अमाइड जेमतेम झाले आणि फ्लास्कमध्ये भलतेच काहीतरी भरले आहे.

आधी ती गर्दी सोडवू. २.१ मिनिटांच्या पिकात ३५५.२, ३७७.२, ३९३.२, २९९.१, २५५.१ आणि ७३१.४ असे आकडे दिसतात. ही सहा संयुगे नाहीत. ३५५.२ म्हणजे आपले अमाइड आणि त्याला चिकटलेला एक प्रोटॉन, [M+H]⁺. ३७७.२ मध्ये प्रोटॉनऐवजी सोडियम चिकटला आहे. दोघांतला फरक २२ चा, आणि हा फरक सोडियम अ‍ॅडक्टची ओळखीची खूण आहे. सोडियम काचेतून, विद्रावकातून, खायच्या सोड्याने किंवा मिठाच्या पाण्याने केलेल्या धुण्यातून येतो. तो मुद्दाम कोणी टाकत नाही, आणि त्याला पूर्णपणे हाकलताही येत नाही. अमाइडचे आणि बॉक गटाचे कार्बोनिल ऑक्सिजन सोडियमला छान धरून ठेवतात, त्यामुळे अशा रेणूंमध्ये सोडियमचे पीक प्रोटॉनच्या पिकापेक्षा उंच दिसले तरी नवल नाही. २९९.१ आणि २५५.१ हे बॉक गटाचे मोडणे आहे. फवाऱ्याच्या उष्णतेत आणि ताणात बॉकमधून ५६ वस्तुमानाचा आयसोब्युटीन निघून जातो, मग कार्बन डायऑक्साइडही जातो, एकूण १००. फ्लास्कमध्ये बॉक शाबूत असते, यंत्रात शिरताना ते तुटते. ७३१.४ म्हणजे दोन अमाइड आणि त्यांच्यामध्ये एक सोडियम.

हे सगळे एकाच रेणूचे आहे याची खात्री आकड्यांच्या वजाबाकीने पूर्ण होत नाही. वजाबाकी शक्यता सांगते, खात्री वेळ देते. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आकड्याचा वेगळा आलेख काढता येतो. ३५५, ३७७, २९९ आणि ७३१ यांचे आलेख एकमेकांवर ठेवावेत. अ‍ॅडक्ट कॉलममध्ये नसतो, तो कॉलमच्या पुढे, फवाऱ्यात तयार होतो. म्हणून एका रेणूचे सगळे अ‍ॅडक्ट एकाच क्षणी चढतात आणि एकाच क्षणी उतरतात. कोणताही आकडा अगदी दोन-तीन सेकंद मागेपुढे असेल, तर तो वेगळ्या पदार्थाचा असण्याचा संशय घ्यावा.

३९३.२ या आकड्यावर हीच कसोटी लावायला हवी, कारण इथे फसगत सोपी आहे. ३७७ आणि ३९३ यांत १६ चा फरक. ऑक्सिजनचे वस्तुमानही १६. एखादा घाईने म्हणेल, अमाइडचे ऑक्सिडेशन झाले. पण सोडियमच्या जागी पोटॅशियम आला तरी फरक १६ चाच पडतो. साध्या क्वाड्रुपोल यंत्राला हे दोन १६ वेगळे दिसत नाहीत, खूप अचूक यंत्रालाच ते दिसतात. तरीही निकाल लावता येतो. ऑक्सिजन जोडलेला रेणू बहुधा अधिक पाणीप्रिय असतो, कॉलममधून लवकर निघतो, आणि त्याचे स्वतःचे प्रोटॉन असलेले पीक ३७१ ला दिसायला हवे. इथे ३९३ चे पीक ३५५ च्या बरोबर आले आहे आणि ३७१ चा मागमूस नाही. म्हणजे पोटॅशियम.

आता ०.९ मिनिटाचा तो २०६.२. एचएटीयू आणि अमाइन थेट भेटले, तर आम्लाची वाट न पाहता ते एकमेकांशी जोडले जातात आणि ग्वानिडीन तयार होते. बेंझिलअमाइनपासून बनणाऱ्या या ग्वानिडीनचा रेणुभार २०५.२, म्हणजे प्रोटॉनसह २०६.२. हा उपपदार्थ खरा आहे. पण ग्वानिडीन अतिशय प्रबळ बेस असते. आम्लयुक्त प्रवाहात ते कॉलममधून जातानाच प्रोटॉन घेऊन भारित झालेले असते. फवाऱ्यात त्याचा जवळजवळ प्रत्येक रेणू आयन म्हणून तयारच असतो. आपले अमाइड मात्र उदासीन आहे, त्याला भार फवाऱ्यातच मिळवावा लागतो. म्हणून दोघांचे प्रमाण सारखे असते तरी ग्वानिडीनचे पीक कितीतरी मोठे आले असते. यूव्ही आलेखात, २१४ नॅनोमीटरला, चित्र उलटते. दोन बेंझिन वलये असलेले अमाइड सर्वांत उंच आणि ग्वानिडीन छोटेसे. यूव्हीलाही स्वतःचे पक्षपात आहेत. एचएटीयूतून निघणारे एचओएटी प्रकाश जोरात शोषते, तर ह्यूनिग बेस जवळपास दिसतच नाही. तरी वलये असलेल्या दोन पदार्थांची तुलना करायला इथे यूव्ही अधिक विश्वासाचा आहे.

पण ही झाली फक्त भार घेण्याच्या क्षमतेतली तफावत. याहून लपलेला प्रकार म्हणजे आयन सप्रेशन, आणि त्यात एक पदार्थ दुसऱ्याचा आवाज दाबतो. फवाऱ्यातल्या थेंबाकडे असलेला भार मर्यादित असतो, आणि थेंबाच्या पृष्ठभागावर जागाही मर्यादित. गर्दीच्या वेळी एसटीत मोजक्या जागा असतात आणि दारापाशी आधीच उभे असलेले आत शिरतात, तसे आधीच भारित असलेले रेणू जागा पटकावतात आणि उदासीन रेणू बाहेर राहतात. हे घडायला दोन पदार्थ त्याच क्षणी फवाऱ्यात असावे लागतात. आपल्या मिश्रणात ग्वानिडीन आणि ह्यूनिग बेस या प्रबळ बेसांना सिलिकावर रेंगाळायची सवय आहे. नमुना जास्त घट्ट असला की त्यांची पिके शेपटी ओढत पुढे सरकतात, आणि ती शेपटी २.१ मिनिटांपर्यंत पोहोचली तर अमाइडची बाजू दबते.

आणि अमाइड स्वतःही स्वतःला दाबते. मिलिलिटरला एक मिलिग्रॅम या घनतेचा नमुना घेतला आणि त्यातला एक मायक्रोलिटर टाकला, तर तीन सेकंदांच्या पिकात, मिनिटाला अर्धा मिलिलिटर प्रवाह धरून, अमाइडची घनता सुमारे १०० मायक्रोमोलर येते. इलेक्ट्रोस्प्रेचा सिग्नल साधारण १० मायक्रोमोलरपर्यंतच घनतेच्या प्रमाणात वाढतो. त्यापुढे तो सपाट होत जातो. दहापट पदार्थ असूनही पीक दुप्पट-तिप्पटच उंच दिसते.

यावर सर्वांत सोपी कसोटी म्हणजे नमुना दहापट विरळ करून पुन्हा टाकणे. यूव्हीचे पीक दहापट लहान होईल, ते आपल्याला हवेच आहे. मासचे अमाइडचे पीक समजा फक्त एक तृतीयांश झाले. मग पहिल्या वेळी सिग्नल दबला होता, आणि त्या उंचीवरून काढलेला कोणताही टक्का चुकीचा ठरतो. आणखी दहापट विरळ करावे. आता पीक दहापट घटले, म्हणजे आपण सरळ रेषेच्या भागात आलो. याच कसोटीचा दुसरा फायदा ७३१ च्या आकड्यावर दिसतो. दोन अमाइडची फवाऱ्यातली ती सैल जोडी विरळ केल्यावर एकट्या अमाइडपेक्षा खूपच वेगाने नाहीशी होते. खरोखर दोन रेणू रासायनिक बंधाने जोडलेले असते, तर ते बाकीच्यांच्या बरोबरीने घटले असते.

दाबणारा नेमका कोण आणि कुठे, हे हवे असेल तर कॉलमनंतर टी-जोडातून एखादा ओळखीचा पदार्थ सतत थेंबथेंब सोडतात आणि त्याच्या सरळ रेषेवर नजर ठेवतात. क्रूड कॉलममधून जात असताना ती रेषा जिथे खाली खचते, तिथे कोणीतरी भार पळवतो आहे. औषधांची रक्तातली पातळी मोजणाऱ्या प्रयोगशाळांत ही तपासणी नेहमीची आहे. अभिक्रियेच्या क्रूडसाठी ती क्वचितच लागते, विरळ करणे बहुधा पुरते.

सगळे जमेस धरूनही एलसी-एमएस ‘इतके टक्के अमाइड झाले’ असे सांगू शकत नाही. त्यासाठी शुद्ध अमाइडचे प्रमाण नमुन्यात मिसळून मोजावे लागते, नाही तर एनएमआर घ्यावा लागतो. उरलेले आम्ल तपासायला मात्र एक चांगली सोय आहे. ऋणभारित आयन पाहण्याच्या मोडमध्ये ते प्रोटॉन गमावून २६४.१ ला स्पष्ट दिसते, आणि ग्वानिडीनचा गोंगाट तिथे नसतो. तिथे पीक नगण्य असेल, तर आम्ल जवळपास संपले आहे.

आपल्या फ्लास्कचा निकाल असा. अमाइड भरपूर झाले आहे, तो फ्लास्क शुद्धीकरणाला न्यायचा. ग्वानिडीन थोडे झाले आहे, आणि त्याचे कारण घटक टाकण्याच्या क्रमात आहे. पुढच्या खेपेला आम्ल, एचएटीयू आणि बेस आधी एकत्र करून पाचेक मिनिटे ढवळायचे, आम्ल पूर्ण सक्रिय होऊ द्यायचे, आणि बेंझिलअमाइन त्यानंतर टाकायचे. मग २०६.२ चे पीक किती घटले, ते त्याच विरळपणाच्या नमुन्यात, यूव्हीच्या बाजूने पाहायचे.