पगार घटला की सरकारचाही वाटा घटतो

मंदी आली की सरकारने काहीतरी करावे, अशी ओरड सुरू होते. पॅकेज जाहीर करा, कर कमी करा, कर्जाचे हप्ते पुढे ढकला. या सगळ्याला बैठका लागतात, फायली फिरतात, संसदेची मंजुरी लागते, आणि मदत पोहोचेपर्यंत घरातली शिल्लक संपलेली असते. पण एक मदत अशी आहे की ती कोणी जाहीर करत नाही. कायद्यात ती आधीच लिहून ठेवलेली असते. उत्पन्नाबरोबर वाढत जाणाऱ्या दरांचा प्राप्तिकर हीच ती मदत. अर्थशास्त्रात अशा तरतुदींना ऑटोमॅटिक स्टॅबिलायझर, म्हणजे आपोआप तोल सावरणारी व्यवस्था म्हणतात. ती नेमकी किती सावरते, कोणाला सावरते आणि सावरलेला भार शेवटी कुठे जाऊन पडतो, हे आपल्याच करटप्प्यांवर ताडून पाहता येते.

हिंजवडीतला एक संगणक अभियंता घेऊ. त्याचा वर्षाचा पगार 26 लाख 75 हजार रुपये, आणि त्यातले 6 लाख कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून असलेला व्हेरिएबल पे. 2025-26 या वर्षासाठीच्या नव्या करप्रणालीत 75 हजारांची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न उरते 26 लाख. पहिल्या 4 लाखांवर कर नाही. त्यापुढे दर 4 लाखांच्या टप्प्याला 5, 10, 15, 20, 25 असा दर चढत जातो आणि 24 लाखांच्या वर 30 टक्के होतो. 4 टक्के उपकर धरून त्याचा कर होतो 3 लाख 74 हजार 400 रुपये, म्हणजे पूर्ण पगाराच्या सुमारे 14 टक्के. भविष्यनिर्वाह निधी आणि व्यवसायकर हिशेब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवू.

आता परदेशी ग्राहकांनी हात आखडता घेतला आणि व्हेरिएबल पे शून्यावर आला. पगार राहिला 20 लाख 75 हजार, करपात्र उत्पन्न 20 लाख, आणि कर 2 लाख 8 हजार. पगार 6 लाखांनी घटला, पण त्याच वेळी कर 1 लाख 66 हजार 400 रुपयांनी कमी झाला. म्हणजे 6 लाखांच्या खड्ड्यातला चौथ्या हिश्शाहून मोठा भाग सरकारने आपल्या अंगावर घेतला. त्यासाठी त्या अभियंत्याला अर्ज करावा लागला नाही की कोणा मंत्र्याला घोषणा करावी लागली नाही.

इथे एक प्रश्न पडायला हवा. उत्पन्न घटले की कर घटणारच, मग चढत्या दरांचे त्यात विशेष काय? याच माणसाला सरसकट 14 टक्के कर असता असे धरू. चांगल्या वर्षी तो जवळपास तेवढाच कर भरेल. वाईट वर्षी मात्र त्याचा कर फक्त 84 हजारांनी कमी होईल. चढत्या दरांमुळे ही सूट जवळजवळ दुप्पट झाली. कारण सरळ आहे. जे 6 लाख गेले ते पगाराच्या वरच्या थरातले होते, 25 आणि 30 टक्क्यांच्या टप्प्यातले. सरसकट करात पगार 22 टक्क्यांनी घटला तर हातात येणारी रक्कमही तितक्याच टक्क्यांनी घटते. कर फक्त सोबत चालतो, सावरत नाही. चढत्या दरांत तीच घट 19 टक्क्यांच्या आसपास थांबते. म्हणून एखादी करव्यवस्था किती सावरू शकते हे तिचा दर किती जबर आहे यावरून कळत नाही. शेवटच्या रुपयावरचा दर आणि एकूण उत्पन्नावरचा सरासरी दर यांच्यातले अंतर पाहावे लागते. आपल्या उदाहरणात सरासरी 14 टक्के आणि गमावलेल्या रुपयांवर सुमारे 28.

तेजीत हेच उलट चालते. याच अभियंत्याला भरभराटीच्या वर्षी आणखी 5 लाखांचा बोनस मिळाला, तर त्यातले 1 लाख 56 हजार करात जातात. घरे, गाड्या, सोने यांच्या मागणीला सगळ्यांच्या खिशात एकदम पैसा आला की जे उधाण येते, त्यातला काही भाग असा मुळातच काढून घेतला जातो. तेजीतला हा लगाम लोकांना खुपतो, पण मंदीतली सूट आणि तेजीतली कात्री एकाच दरपत्रकातून येतात. एक ठेवून दुसरी काढता येत नाही.

ही मदत हातात किती लवकर पडते, हा प्रश्न मला रकमेइतकाच महत्त्वाचा वाटतो. पगारदाराचा कर महिन्याला टीडीएसने कापला जातो. कंपनी वर्षाच्या सुरुवातीला पूर्ण वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज बांधते आणि कर बारा महिन्यांत विभागते. आपल्या अभियंत्याचे, अंदाजात व्हेरिएबल पे धरला असेल तर, महिन्याला 31 हजार 200 रुपये कापले जातील. मधेच पगार कमी झाला, तर उरलेल्या महिन्यांत कपात कमी करून हिशेब जुळवण्याची मुभा कायदा कंपनीला देतो. ज्याची नोकरी शाबूत आहे त्याला दिलासा त्याच वर्षी, पगाराच्या चिठ्ठीतच मिळतो.

पण सप्टेंबरअखेर नोकरीच गेली तर? सहा महिन्यांत पगार झाला 13 लाख 37 हजार 500, महिन्याला सारखाच धरला तर. तोपर्यंत कापलेला कर 1 लाख 87 हजार 200. वर्षभरात पुढे काहीच मिळाले नाही, तर करपात्र उत्पन्न 12 लाख 62 हजार 500 ठरते. 12 लाखांपर्यंत कर शून्य असल्यामुळे त्याच्या किंचित वर असणाऱ्यांना जी सीमांत सवलत मिळते, ती धरून एकूण कर उपकरासह होतो फक्त 65 हजार. म्हणजे 1 लाख 22 हजार 200 रुपये परत मिळायला हवेत. उत्पन्न निम्मे झाले आणि कर सहाव्या हिश्शापर्यंत खाली आला, इतकी ही व्यवस्था कागदावर जोरकस आहे. फक्त पैसे मिळतात ते आर्थिक वर्ष संपल्यावर, विवरणपत्र भरून, ते तपासले गेल्यावर. ऑक्टोबरपासून घराचा हप्ता थकू लागलेल्या माणसाला त्याचाच पैसा पुढच्या पावसाळ्यात मिळतो. ज्याला सगळ्यात तातडीची गरज, त्यालाच सगळ्यात उशीर, हा मला या रचनेतला खरा दोष वाटतो. नोकरी गेल्याची नोंद होताच वर्षअखेरची वाट न पाहता जादा कपात परत करणे अवघड नाही. कपातीचा तपशील सरकारकडे असतोच.

युरोपात याची मोजदाद झाली आहे. माथियास डोल्स, क्लेमेन्स फ्यूस्ट आणि आन्द्रेआस पाइखल या अर्थतज्ज्ञांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा हिशेब मांडला, की सगळ्यांचे उत्पन्न सारख्या प्रमाणात घटले तर कर आणि सामाजिक सुरक्षेची व्यवस्था मिळून युरोपीय संघात त्या धक्क्याचा 38 टक्के भाग शोषून घेतात, अमेरिकेत 32 टक्के. पण लोकांच्या नोकऱ्याच गेल्या तर ही दरी रुंदावते. युरोप 47, अमेरिका 34. युरोपातले बेकारभत्ते जास्त उदार आहेत, हे त्याचे मोठे कारण. पगारकपातीत प्राप्तिकर सावरतो, बेकारीत मुख्यतः भत्ता सावरतो, हा भेद आपल्याकडच्या चर्चेत क्वचित येतो.

आपल्याकडे तर प्राप्तिकराची ही सावलीच फार थोड्यांवर पडते. शेतीचे उत्पन्न करमुक्त. भरल्या जाणाऱ्या विवरणपत्रांपैकी निम्म्याहून जास्त शून्य कराची. पूर्ण 12 लाखांपर्यंत सूट मिळाल्यामुळे ज्याचे करपात्र उत्पन्न 11 लाखांवरून 7 लाखांवर आले, त्याचा कर आधीही शून्य आणि नंतरही शून्य. त्या 4 लाखांचा तोटा संपूर्ण त्याच्या घराचा. चांगल्या वर्षात करमाफी मिळाल्याचा आनंद योग्यच आहे, पण वाईट वर्षात सरकारला वाटून द्यायला त्याच्याकडे काही उरलेले नसते. रिक्षाचालक, घरकामगार, मंडईतला विक्रेता यांचे तर सोडूनच द्या. ते जीएसटी भरतात, आणि त्याचा दर वस्तूवर ठरतो, घेणाऱ्याच्या कमाईवर नाही. त्यांच्यासाठी आधार खर्चाच्या बाजूनेच यावा लागतो. 2020-21 मध्ये गावी परतलेल्या मजुरांनी रोजगार हमीच्या कामांवर गर्दी केली, तेव्हा तो आधार तिथून आला.

आणि अभियंत्याच्या खिशात राहिलेले ते 1 लाख 66 हजार गेले कोणाच्या खिशातून? केंद्राच्या तिजोरीतून, एवढेच उत्तर पुरेसे नाही. उपकर वगळता प्राप्तिकराच्या निव्वळ वसुलीतला 41 टक्के वाटा राज्यांचा असतो. आपल्या उदाहरणातल्या 1 लाख 60 हजारांपैकी 65 हजार 600 रुपये राज्यांच्या वाट्यातून कमी झाले. केंद्र मंदीत जास्त कर्ज काढू शकते. 2020-21 साठी वित्तीय तूट जीडीपीच्या 3.5 टक्के ठेवायचे ठरले होते, ती 9.2 टक्क्यांवर गेली. राज्यांना मात्र कर्जाची मर्यादा केंद्र आखून देते. मे 2020 मध्ये टाळेबंदीने सगळ्याच करांची वसुली कोसळल्यावर महाराष्ट्र सरकारने विकासकामांच्या तरतुदीतला फक्त 33 टक्के निधी वापरायचे ठरवले आणि नवी नोकरभरती थांबवली. खासगी घरांना एका हाताने सावरले गेले, आणि दुसऱ्या हाताने ठेकेदाराचे बिल व भरतीची वाट पाहणाऱ्या उमेदवाराची नोकरी थांबली. महसूल घटला म्हणून सरकारने तेवढाच खर्च छाटला, तर करातून मिळालेला आधार अर्थव्यवस्थेला मिळतच नाही. तो एका घरातून काढून दुसऱ्या घरात ठेवला जातो.

आणखी एक अडचण महागाईची. करटप्पे महागाईप्रमाणे आपोआप सरकत नाहीत. अमेरिकेने 1981 च्या कायद्याने ते सरकवायचे ठरवले आणि 1985 पासून ते लागू झाले. आपल्याकडे ते अर्थमंत्र्यांच्या भाषणात सरकतात. जुन्या करप्रणालीतली अडीच लाखांची मर्यादा 2014 पासून जागची हललेली नाही. पगार फक्त भाववाढीइतकाच वाढला तरी माणूस वरच्या टप्प्यात जातो. तेव्हा व्यवस्था तेजी समजून लगाम ओढते, पण प्रत्यक्षात तेजी आलेली नसते.

ही व्यवस्था खरोखर काम करते आहे का, हे वाचकालाही पाहता येते. आगाऊ कराचे चार हप्ते जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या 15 तारखेला भरावे लागतात, आणि वसुलीचे आकडे लगेच जाहीर होतात. वाढीचा वेग मंदावलेल्या वर्षात वैयक्तिक प्राप्तिकराची वसुली जीडीपीपेक्षा जास्त वेगाने घसरली, तर धक्का घरांकडून तिजोरीकडे सरकतो आहे. मग फेब्रुवारीत अर्थसंकल्पाबरोबर येणारे सुधारित अंदाज उघडावेत, केंद्राचेही आणि मार्चमधले राज्याचेही. भांडवली खर्चाचा आकडा मूळ तरतुदीइतका राहिला असेल तर सरकारने तो धक्का स्वतःवर घेतला. तो खाली आला असेल, तर धक्का पुढे कोणाकडे गेला हे त्याच पुस्तिकेत खात्यांच्या यादीत सापडते.