पडलेल्या हार्ड डिस्कची वीज ताबडतोब तोडा

पूर्वी पेढीची सारी मदार खतावणीवर असे. आता उधारीचे खाते, डिझाईनचे नमुने, जीएसटीची बिले हे सारे तळहाताएवढ्या हार्ड डिस्कमध्ये असते. गेल्या रमजानच्या गर्दीत आमच्या दुकानातील अशीच एक डिस्क चालू असताना टेबलावरून फरशीवर पडली आणि आतून कर्र कर्र आवाज येऊ लागला. मुलगा म्हणाला, "अब्बा, फाईल उघडते का ते बघू द्या." मी काही न ऐकता तिची वायर उपटली. तेच योग्य ठरले.

याचे कारण समजून घ्यावे. डिस्कच्या आत गुळगुळीत तबकडी असते. तिच्यावरील अत्यंत पातळ चुंबकीय थरात आपला हिशेब लिहिलेला असतो. साधारण पोर्टेबल डिस्कची तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेते. वाचणारे हेड तिला स्पर्श न करता, केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर तरंगते. डिस्क पडली की हेड वाकते आणि तबकडीला घासू लागते. सेकंदाला 90 फेरे, म्हणजे "दोन मिनिटे बघू" म्हटले तर 10,800 फेरे. खरवडलेल्या थराची पूड आत उडते आणि चांगला भागही खराब करते. थर निघाला की तेथील मजकूर कोणताही कारागीर परत आणू शकत नाही.

बारीक "टूं टूं" आवाजाचा अर्थ वेगळा. बहुधा हेड तबकडीला चिकटलेले असते किंवा मोटर जाम झालेली असते. मोटर फिरू पाहते, पण फिरत नाही, त्याचा तो आवाज. पुन्हा पुन्हा वीज दिली तर चिकटलेले हेड उखडून तबकडीवर ओरखडा उमटतो.

एरवी डिस्क रीतसर बंद करूनच काढावी. येथे मात्र त्यासाठी थांबू नये. अर्धवट राहिलेली नोंद पुन्हा लिहिता येते. पडद्यावर Scan and fix असे आले तरी ते दाबू नये, कारण त्याने तुटके हेड साऱ्या तबकडीवर फिरते. डिस्क ठोकू नये, फ्रीजमध्ये ठेवू नये, उघडूही नये. धूळमुक्त जागेत हेड बदलून देणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच न्यावी. "किती वेळा चालू केली?" हे तो विचारेल, तेव्हा खरे सांगावे.

आमची डिस्क उघडली तेव्हा एक हेड वाकलेले व काठाशी एक ओरखडा निघाला. काही नमुने गेले, पण उधारीचे खाते जवळजवळ पुरे परत आले. पाच-दहा मिनिटे चालू ठेवली असती तर तेही राहिले नसते. आता त्या खात्याची दुसरी प्रत घरच्या कपाटात असते आणि दर जुम्याला ती नवी करतो.